आखाजीच्या सेलची पाटी: या चुका टाळा

आखाजीला लेकी माहेरी येतात, त्याआधी पंधरा दिवस साड्यांची दुकानं भरलेली असतात. गेल्या आखाजीला अमळनेरच्या एका ओळखीच्या दुकानात पाटी होती: १४०० खोडून ‘५०% सूट, फक्त ६९९’. एका बाईंनी साडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, “दिवाईले तं हाईच साडी मी सातशेले लिन्ही व्हती, भाऊ.” बाजूच्या तिघींनीही हातातल्या साड्या खाली ठेवल्या.

चूक ६९९ मध्ये नव्हती. आपण आकडा डावीकडून वाचतो, म्हणून ७०० चे ६९९ झाले की पहिला आकडाच बदलतो आणि भाव उतरल्यासारखा वाटतो. यात लबाडी नाही, भाव समोर स्पष्ट लिहिलेला असतो. फक्त रोख घेणाऱ्याला तो एक रुपया परत द्या. चॉकलेट हातावर टेकवलं तर भाव ७०० च झाला. आणि ७५० चे ७४९ करून फारसं काही मिळत नाही, कारण डावीकडचा सात तसाच राहतो.

खरी चूक खोडलेल्या १४०० ची. गिऱ्हाईक आधी दिसलेल्या आकड्याशी पुढचा भाव ताडून बघतं, म्हणून तो आकडा खरा हवा. माझा नियम सोपा आहे: बिलबुक उघडा. गेल्या ३० दिवसांत तो माल ज्या कमीत कमी भावाने विकला, तोच खोडा. सुरतेहून आलेल्या साडीवर १४०० ची एमआरपी छापलेली असेल, तर ‘एमआरपी १४००, आमचा भाव ७००’ असं लिहा. ती एमआरपी तुमचा जुना भाव नव्हे, म्हणून तिला सूट म्हणू नका.

मग खरी सूट किती देता येईल? त्या साडीची खरेदी ४८० ची होती. ७०० ला विकली तर २२० सुटतात, ५९९ ला विकली तर ११९. म्हणजे पूर्वी दहा साड्यांत जेवढं सुटायचं, तेवढ्यासाठी आता एकोणीस विकाव्या लागतील. आखाजीच्या गर्दीत तेवढ्या जातील असं वाटत असेल तरच हा भाव लावा. पाटीवर ‘७०० ची ५९९ ला, १०१ रुपये कमी’ लिहा. ‘१४% सूट’ तेच सांगते, पण किरकोळ वाटते. चाळीसचा रुमाल चौतीसला देताना मात्र उलट करा. सहा रुपये कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, १५% भरतात.

‘५०% पर्यंत’ लिहिताना ‘पर्यंत’ बारीक अक्षरात ठेवणं मला अजिबात पटत नाही. अर्ध्या भावाच्या साड्या दहाच असतील तर त्यांचा वेगळा गठ्ठा लावा आणि वर ‘एवढ्याच दहा’ लिहा. दहावी गेली की पाटी त्याच क्षणी उतरवा.

त्या दुकानदाराने दुपारीच १४०० पुसले. ७०० खोडून शेजारी ५९९ लिहिले आणि गेल्या महिन्याचं बिलबुक गल्ल्याशेजारी उघडं ठेवलं.