‘थोडं हळू जाऊया’ हे सांगताना या चुका टाळा

फोंड्याची माझी एक मैत्रीण लागोपाठ तीन रविवार भेट टाळत होती. एकदा आई आजारी, एकदा ऑफिसचं काम, एकदा पाऊस. खरं कारण वेगळंच होतं. पणजीच्या त्या मुलाशी ओळख होऊन अडीच महिने झाले होते. तो तिला आवडत होता, पण जवळीक तिच्या मनाला झेपेल त्याहून वेगाने वाढत होती. रोज रात्री तासभर फोन, आणि आता तो म्हणत होता, कोलव्याला एक रात्र राहून येऊ. तिला तो नकोसा झाला नव्हता, हा वेग नकोसा झाला होता. त्याने मात्र त्या तीन कारणांचा एकच अर्थ लावला: हिचं मन उडालं. तो दिवसाला दहा मेसेज पाठवू लागला आणि ती आणखी लांब सरकली.

बहाणा ही सगळ्यांत मोठी चूक. समोरच्याचं मन राखायला म्हणून आपण तो सांगतो, पण बहाण्यावर तोडगा निघतो. पाऊस आहे? मग मी गाडी घेऊन येतो. म्हणजे पुन्हा नवा बहाणा शोधणं आलं. आणि कारण कळत नसलं की माणूस स्वतःच्या मनाने कारण शोधतो, बहुतेक वेळा सर्वांत वाईट तेच.

दुसरी चूक मोघम बोलण्याची. ‘मला जरा स्पेस हवी’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं सगळं. काय तसंच राहणार, काय हळू करायचं आणि पुन्हा कधी बोलायचं, हे तिन्ही सांगावं लागतं. आम्ही दोघी बसून तिचं म्हणणं नीट मांडलं, ते असं: “मला तू आवडतोस, आणि रविवारची भेट मला हवीच आहे. पण रात्री एकत्र राहायला माझं मन अजून तयार नाही, ते सध्या नको. फोन रोज नको, आठवड्यातून तीनदा करूया. गणपतीची चवथ झाली की यावर पुन्हा बोलू.” यात एक गोष्ट तिने आवर्जून घातली: “चवथीनंतर बोलू म्हणजे तेव्हा हो म्हणेन असं नाही.” हे राहून गेलं असतं तर तो दिवस मोजत बसला असता.

यातलं पहिलं वाक्य खरं असेल तरच बोला. नातं संपवायचं असेल आणि ते हलकं करायला ‘हळू जाऊया’ म्हणत असाल, तर तुम्ही त्या माणसाला खोट्या आशेवर ठेवताय.

वेळही चुकते. जवळीक चालू असतानाच नकोसं वाटलं, तर तिथे लांबलचक कारणं देऊ नका. “थांब, इथपर्यंतच” एवढं पुरे. आधी हो म्हटलं होतं किंवा मागच्या वेळी झालं होतं, म्हणून आजही व्हायलाच हवं असं काही नसतं. सविस्तर बोलणं दुसऱ्या दिवशी, उजेडात, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चालताना करा. नजरेला नजर द्यावी लागत नाही, तेव्हा अवघड वाक्य सहज निघतं. हे रात्री अकराला व्हॉट्सॲपवर लिहू नका, त्यात आवाजातली माया पोचत नाही.

मैत्रिणीने मिरामारच्या किनाऱ्यावर चालताना त्याला हे सांगितलं. तो गप्प झाला. अशा वेळी सर्वांत जास्त घसरायला होतं: त्याचा चेहरा उतरलेला पाहून ‘बरं, जाऊया मग कोलव्याला’ तोंडातून निसटतं. ती गप्प चालत राहिली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “म्हणजे माझंच काही चुकलं का?” ‘तसं काही नाही’ म्हणून तिने विषय टाळला नाही. ती म्हणाली, “तू वाईट वागला नाहीस. पण मी फोन ठेवते म्हटल्यावर तू आणखी दहा मिनिटं मागतोस, तेव्हा मला दडपण येतं.”

दुखावलेला माणूस गप्प होतो, प्रश्न विचारतो, पण तुमचं म्हणणं पाळतो. दर भेटीत तेच पुन्हा मागणं, ‘प्रेम असतं तर नाही म्हणाली नसतीस’, तुम्ही हो म्हणेपर्यंतचा अबोला, हे दुखावणं नव्हे, ही जबरदस्ती आहे. तिथे आणखी गोड शब्द शोधत बसू नका. ‘नको’ म्हणा, निघा आणि घरातल्या किंवा जवळच्या कुणाला तरी सांगा. धमकी आली तर महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 आहे.

त्या संध्याकाळी तो तिला कदंब बसपर्यंत सोडायला आला, फारसा बोलला नाही. सोमवारी, मंगळवारी फोन नाही. तिला धाकधूक झाली, मला दोनदा विचारलं, मीच करू का? बुधवारी त्याचा फोन आला. अर्ध्या तासाने तोच म्हणाला, “ठेवतो आता, रविवारी भेटू.”