स्वस्त दिसणारं विमान तिकीट शेवटी महाग पडत होतं: माझा अनुभव

आईला मुंबईहून दिल्लीला ताईकडे जायचं होतं. जळगावहून भाऊ, दिल्लीहून ताई, दोघांनी भाड्यांचे स्क्रीनशॉट पाठवले: ४,२९९, ४,८५० आणि ५,४५०. नुसते आकडे लावून पाहिले, मग कागदावर तक्ता केला. दोन्ही वेळा पैसे भरताना रक्कम वेगळीच निघाली. दोन संध्याकाळी वाया गेल्या, फार वैताग आला. कारण साधं होतं: स्क्रीनशॉट वेगवेगळ्या वेळचे होते आणि आत काय धरलंय ते त्यांत दिसतच नव्हतं.

मग आधी गरज लिहिली. आईसोबत भरताची वांगी, बिबडे, लोणच्याची बरणी. लोणचं केबिन बॅगेत नेता येत नाही, म्हणजे चेक-इन सामान हवंच. वाटेत जेवण हवं. ताईच्या डिलिव्हरीची तारीख पुढेमागे होऊ शकते.

नंतर एकाच बैठकीत तिन्ही तिकिटं पैसे भरायच्या पानापर्यंत नेली आणि तिथलेच नवे स्क्रीनशॉट काढले. ४,२९९ मध्ये फक्त ७ किलोची केबिन बॅग होती. १५ किलोचे १,२०० आणि जेवणाचे ४०० धरून ५,८९९ झाले. ४,८५० मध्ये १५ किलो होते, जेवण धरून ५,२५०. ५,४५० मध्ये दोन्ही होतं.

शेवटी तारीख बदलायचं शुल्क पाहिलं. दुसऱ्यात ३,०००, तिसऱ्यात शून्य. भाड्यातला फरक दोन्हीकडे वेगळा भरावा लागतोच, शुल्क शून्य असलं तरी. २०० रुपये जास्त देऊन तिसरं घेतलं.