हापूसचे जुने दर आपोआप पुसायचे तर : हंगामाआधीची तयारी

देवगड-रत्नागिरीकडचा जो बागायतदार मॅस्टोडॉनवर पेटीचे दर टाकतो, त्याने मार्चची पहिली पेटी भरण्याआधीच ही मांडणी करून ठेवावी. मार्चमधला दर मेमध्ये राहत नाही, पण पोस्ट मात्र राहते आणि गिऱ्हाईक नेमकी तीच दाखवतं. जुन्या पोस्ट ठरावीक मुदतीनंतर काढून टाकायची सोय मॅस्टोडॉनमध्येच आहे, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही.

पहिलं काम साठवणीचं, कारण पुसलेली पोस्ट परत येत नाही. ब्राउझरमध्ये खातं उघडा, `Preferences` मधून `Import and export` मध्ये जा आणि `Request your archive` दाबा. पोस्ट आणि फोटो यांची एकच फाईल तयार होते. ही मागणी 7 दिवसांतून एकदाच करता येते, म्हणून पुसणं सुरू करण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करा. फाईल उतरवून, उघडून, फोटो दिसतात ना ते बघा आणि मगच पुढे जा.

आता काय राहायला हवं ते ठरवा. बागेचा पत्ता, पेटीत किती डझन, पैसे कसे द्यायचे, कच्चा आंबा पेंढ्यात कसा पिकवायचा, ही माहिती हंगामभर लागते. यातली मुख्य पोस्ट प्रोफाइलवर पिन करा. पिन साधारण 5 पोस्टनाच मिळते, त्यामुळे बाकीच्यांना स्वतःच बुकमार्क करा. इथे एक खोच आहे. बुकमार्क फक्त त्या एका पोस्टला वाचवतो, साखळीला नाही. पिकवण्याची माहिती चार पोस्टच्या साखळीत लिहिली असेल तर चारही बुकमार्क करावे लागतात. नाहीतर अधलीमधली जाते आणि उरलेल्यांचा अर्थ लागत नाही.

मग `Automated post deletion` उघडून `Automatically delete old posts` वर खूण करा. `Age threshold` मध्ये एका आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंत पर्याय आहेत. आंब्याच्या दरासाठी दोन आठवडे बरोबर वाटतात. आठवड्यात पेटी पोचून आढीतला आंबा जेमतेम रंगायला लागतो, तेवढ्यात दराची पोस्ट गेली तर गिऱ्हाइकाला काय ठरलं होतं ते बघता येत नाही. महिना ठेवला तर मार्चचा दर एप्रिलभर लटकत राहतो. दोन आठवड्यांच्या हिशेबात 10 मार्चची पोस्ट 24 मार्चला पुसण्यास पात्र होते. मुदत मूळ तारखेपासून मोजतात. 20 मार्चला त्याच पोस्टमध्ये दर बदलून लिहिला तरी ती 24 तारखेलाच पात्र ठरते, म्हणून नवा दर नेहमी नव्या पोस्टमध्ये टाका.

अपवादांच्या खुणा नीट वाचा, घोळ बहुतेक इथेच होतो. `Keep pinned posts` आणि `Keep direct messages` चालू असू द्या, कारण ऑर्डरच्या खाजगी संदेशांतली तुमची उत्तरं दुसऱ्या खुणेमुळे टिकतात. फोटो असलेल्या पोस्ट राखायची खूण मात्र काढलेलीच ठेवा. दर आपण पेटीच्या फोटोबरोबर टाकतो, त्यामुळे ती चालू राहिली तर एकही दर जाणार नाही. तसंच स्वतःच्या पोस्टला स्वतःच फेव्हरिट द्यायची सवय असेल तर सोडा, कारण अशा पोस्ट राखायची खूण मुळातच चालू असते. इतक्या फेव्हरिट किंवा इतक्या बूस्टच्या पोस्ट राखा, असे दोन रकाने खाली आहेत, तेही रिकामे ठेवा. सगळ्यांना आवडलेला जुना दर हाच सर्वांत जास्त फसवतो. शेवटी बदल जतन करायला विसरू नका.

यानंतर धीर धरा. सर्व्हर मोकळा असेल तेव्हा थोड्या थोड्या पोस्ट काढतो, आणि सुरुवात सर्वांत जुन्यांपासून. तीन वर्षांचं खातं असेल तर एका रात्रीत रिकामं होत नाही, आणि 24 मार्चची पात्र पोस्टही त्याच दिवशी जाईल असं नाही. प्रोफाइलवरचा पोस्टचा आकडा आज लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी तो घटला असेल तर काम चालू आहे. घटला नसेल तर आधी सेटिंग जतन झालं का ते बघा, मग उरलेल्या जुन्या पोस्टवर स्वतःचा फेव्हरिट किंवा बुकमार्क आहे का ते.

पुसल्याचा निरोप दुसऱ्या सर्व्हरांनाही जातो, पण तिथली प्रत निघेलच याची खात्री नसते. गिऱ्हाइकांनी दिलेली उत्तरं त्यांच्या खात्यांवर तशीच राहतात, म्हणून पत्ता आणि फोन नंबर उघड्या उत्तरात लिहू नका, असं पिन केलेल्या पोस्टमध्ये आजच लिहून टाका.