ड्युटी लिस्टच्या स्क्रीनशॉटवरून नाईट आणि शनिवार-रविवार कसे मोजले

जून 2025 ची ड्युटी लिस्ट वॉर्डच्या ग्रुपवर आली आणि मी आधी माझी ओळ शोधली. आठ नाईट. खालच्या ओळीतल्या सिस्टरच्या चारच. मी मार्चमध्ये रुजू झालेली, त्यामुळे नवीन म्हणून मलाच ढकलतात असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या ड्युट्या मोजायला बसले. नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरना हे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या वॉर्डात दहा जणी, रोज रात्री दोघी. म्हणजे 30 दिवसांत एकूण 60 नाईट. हा आकडा मोजायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्याच्यावर आहे. माझी पहिली बेरीज 57 आली. स्क्रीनशॉट फोटो म्हणून आला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं, आणि M व N सारखेच दिसू लागतात. प्रत्येक तारखेखाली किती N आहेत हे पाहिलं तर 17, 18 आणि 19 ला एकेकच निघाला. एका सिस्टरची तीन दिवसांची नाईट मी मॉर्निंग म्हणून उतरवली होती. तीच लिस्ट डॉक्युमेंट म्हणून मागवली, तेव्हा अक्षर स्पष्ट दिसलं. दुसरी गडबड NO ची होते. तो नाईट ऑफ असतो, घाईत नाईट म्हणून मोजला जातो.

शीटमध्ये पहिल्या ओळीत B पासून AE पर्यंत तारखा आणि A मध्ये नावं ठेवली. नावांऐवजी क्रमांक टाकले, कारण ही फाइल फिरत गेली तर कुणाची रजा कधी तेही सगळ्यांना कळतं. मग पहिल्या व्यक्तीसमोर नाईटसाठी पहिलं सूत्र आणि शनिवार-रविवारसाठी दुसरं टाकून खाली ओढलं:

```
=COUNTIF(B2:AE2,"N")
=SUMPRODUCT((WEEKDAY($B$1:$AE$1,2)>5)*((B2:AE2="M")+(B2:AE2="E")+(B2:AE2="N")))
```

ड्युटी ज्या तारखेला सुरू होते ती तारीख मी धरली. त्यामुळे रविवारची नाईट मोजली गेली, शुक्रवारची नाही. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, फक्त सगळ्यांना तोच नियम लावा.

नाईटचं उत्तर माझ्या रागाला धरून आलं नाही. चार नाईटवाली सिस्टर 1 ते 10 जून रजेवर होती. उरलेल्या 20 दिवसांत 4, म्हणजे पाच दिवसांमागे एक, आणि वॉर्डची सरासरीही तेवढीच. माझ्या आठ होत्या, पण एका महिन्यावरून काय ठरवणार? म्हणून एप्रिल आणि मेच्या लिस्ट काढल्या. तिथे माझ्या पाच-पाचच निघाल्या. तीन महिन्यांत 18, आणि वॉर्डची सरासरी 18.2.

एप्रिल करताना मात्र शनिवार-रविवारची बेरीज काही जमेना. आमच्याकडे त्या दिवशी सहा जणी ड्युटीवर असतात, एप्रिलमध्ये असे आठ दिवस, म्हणजे 48 यायला हवे होते. कारण सापडायला रात्र गेली. मी तारखांऐवजी नुसते 1, 2, 3 असे आकडे टाकले होते आणि शीट 1 ला रविवार धरत होती. 1 जून 2025 ला खरोखरच रविवार असल्यामुळे जूनमध्ये चूक लपून राहिली. वरच्या ओळीत पूर्ण तारीख टाका, वर्षासकट.

ते दुरुस्त केल्यावर खरी गोष्ट दिसली. तीन महिन्यांत शनिवार-रविवारच्या 156 ड्युट्या, म्हणजे प्रत्येकी साधारण 15 ते 16. माझ्या 22 आणि माझ्याबरोबर लागलेल्या मुलीच्या 21. उरलेल्या आठ जणींच्या मिळून 113, म्हणजे प्रत्येकी 14 च्या आसपास. ज्या नाईटवरून मी चिडले होते त्या बरोबर होत्या आणि जिथे माझं लक्षही नव्हतं तिथे फरक होता.

लिस्ट म्हणजे ठरवलेली ड्युटी, केलेली नव्हे. म्हणून इन्चार्ज सिस्टरकडे जाण्याआधी आपसात झालेल्या अदलाबदली हजेरी रजिस्टरवरून जुळवून घेतल्या. माझी एक रविवारची ड्युटी कमी झाली, 21 राहिल्या. दुपारी वॉर्ड शांत असताना एका पानाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सिस्टर, तीन महिन्यांचं मोजलंय. माझं कुठे चुकलं असेल तर सांगा ना."

त्यांनी दोन ओळी स्वतः मोजून पाहिल्या. मग रिक्वेस्टची वही उघडली. शनिवार-रविवारच्या ऑफसाठी तिथे सगळ्यांची नावं होती, आम्हा दोघींचं एकदाही नव्हतं. "तुम्ही मागितलंच नाही गं, मग उरलेल्या जागी तुम्हीच जात राहिलात," त्या म्हणाल्या. अशी वही असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जुलैच्या लिस्टमध्ये त्यांनी आधी शनिवार-रविवारचे रकाने भरले, बाकीचे नंतर. माझ्या वाट्याला आठपैकी पाच आले.