रिग्रेशनचा अहवाल देण्याआधी: ०.९९ आर-स्क्वेअर तपासून घेताना

मॉडेल बसवून झालं, समरीत आर-स्क्वेअर ०.९९ दिसला, की अहवाल लिहून टाकावासा वाटतो. तो लिहिण्याआधी काय काय हाताशी असलं पाहिजे आणि कशाची खात्री करून घेतली पाहिजे, ते इथे एकेक करून मांडतो. उदाहरणाला एकच डेटासेट पुरेसा आहे. आर भाषेसोबत तो आपोआप येतो, नाव `women`, आणि ओळी फक्त १५. उंची ५८ ते ७२ इंच आणि प्रत्येक उंचीसमोर पौंडांत वजन, ११५ पासून १६४ पर्यंत. इतका लहान डेटा असल्याने प्रत्येक आकडा डोळ्यांनी पाहता येतो, आणि माझ्या मते आर-स्क्वेअर कसा फसवतो हे शिकायला याच्याइतका चांगला डेटा क्वचितच मिळतो.

```r
m <- lm(weight ~ height, data = women)
summary(m)
plot(women$height, resid(m)); abline(h = 0)
```

समरी वाचण्याआधीच एक काम करून ठेवायचं: डेटातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यात लिहायचं. `?women` टाइप केलं की कळतं, हे अमेरिकेतल्या ३० ते ३९ वयाच्या स्त्रियांचे सरासरी आकडे आहेत, १९७५ च्या वर्ल्ड अल्मनॅकमधून घेतलेले, आणि तेही घरातल्या साध्या कपड्यांत व पायात बूट असताना मोजलेले. म्हणजे एक ओळ म्हणजे एक बाई नव्हे. त्या उंचीच्या अनेक जणींची सरासरी आहे. हे वाक्य कागदावर असू द्या, कारण पुढे सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते.

आता आकडे. रेषा अशी बसते: उंची एक इंच वाढली की वजन ३.४५ पौंड वाढतं. `Multiple R-squared` ०.९९१, `Adjusted R-squared` ०.९९०३, आणि `Residual standard error` १.५२५. वजनातला ९९ टक्के चढउतार रेषेने पकडला, असं हा पहिला आकडा सांगतो. तो येतो असा:

```
R2     = 1 - SSE/SST
adj R2 = 1 - (1 - R2)(n - 1)/(n - p - 1)
```

n म्हणजे ओळींची संख्या, p म्हणजे मॉडेलमध्ये घातलेल्या कॉलमची संख्या, इथे एक. SSE म्हणजे मॉडेलच्या चुकांच्या वर्गांची बेरीज, इथे ३०.२, SST म्हणजे प्रत्येक वजन एकूण सरासरीपासून किती दूर आहे त्याच्या वर्गांची बेरीज, इथे सुमारे ३३६३. आर-स्क्वेअरमध्ये पौंड कुठेच उरत नाहीत, उरतं फक्त गुणोत्तर. म्हणून त्याच्याशेजारी आरएमएसई लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही: SSE ला ओळींच्या संख्येने भागून वर्गमूळ काढायचं, उत्तर १.४२ पौंड. आर १.५२५ दाखवतं आणि आपण १.४२ म्हणतो, कारण आर १५ ऐवजी १३ ने भागतं. दोन आकडे, म्हणजे रेषेचा उतार आणि छेद, डेटातूनच काढले म्हणून दोन वजा. पायथॉनच्या scikit-learn मध्ये भागाकार ओळींच्या पूर्ण संख्येनेच होतो. दोन सॉफ्टवेअरमधले आकडे जुळत नसतील तर आधी हा भाजक पाहावा. मॉडेल न वापरता सगळ्यांना सरासरी वजन सांगितलं असतं तर चूक किती झाली असती, तेही शेजारी लिहावं. वजनाचं प्रमाण विचलन १५.५ पौंड आहे, त्यासमोर १.५ पौंड खरोखरच लहान दिसतात.

इथवर सगळं छान आहे. यादीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी याच्या पुढची, आणि तीच बहुतेक वेळा वगळली जाते: रेसिड्युअल म्हणजे खरं वजन वजा मॉडेलने सांगितलेलं वजन, ते उंचीच्या क्रमाने मांडून पाहायचं. ५८ इंचाला ते अधिक २.४ आहे. मग उतरत उतरत ६१ इंचाला जवळपास शून्यावर येतं, ६२ पासून उणे होतं, ६५ इंचाला उणे १.७ पर्यंत जातं, ६९ पर्यंत उणेच राहतं, ७० ला शून्याला टेकतं आणि ७२ इंचाला अधिक ३.१ वर पोहोचतं. दोन्ही टोकांना वर, मध्ये सलग आठ बिंदू खाली. आलेख कढईसारखा दिसतो. रेषा बरोबर असती तर हे बिंदू शून्याच्या वरखाली कसेही विखुरले असते. इथे मात्र पुढच्या बिंदूची चूक कोणत्या दिशेची असेल ते आधीच सांगता येतं, आणि जी चूक आधी सांगता येते ती मॉडेलने डेटातून उचलायची राहून गेलेली माहिती असते. उंचीबरोबर वजन नुसतं वाढत नाही, वाढण्याचा वेगही वाढतो: खालच्या टोकाला एका इंचाला दोन-तीन पौंड, वरच्या टोकाला पाच.

मग ०.९९१ कुठून आला? वजन उंचीबरोबर सतत वाढतच जातं, त्यामुळे बसवलेली सरळ रेषा त्यातला बहुतेक भाग पकडणारच. SST इतका मोठा आहे की त्यापुढे वळणामुळे होणारी चूक एक टक्काही भरत नाही. आर-स्क्वेअर चूक किती मोठी ते सांगतो. तिला आकार आहे की नाही, ते सांगायची सोयच त्या सूत्रात नाही. आरएमएसईचंही तसंच, कारण वर्ग केल्यावर चुकीचं चिन्ह पुसलं जातं.

हे वळण फक्त आलेखातच दिसतं आणि व्यवहारात नडत नाही, असं कुणी म्हणेल. त्यासाठी पुढची तयारी: डेटाचा एक भाग मॉडेलपासून लपवून ठेवायचा, आणि तो नेहमी यादृच्छिक निवडायचा नाही. मॉडेल जिथे वापरायचं आहे तशा जागेचा भाग लपवायचा. इथे पहिल्या दहा ओळी, ५८ ते ६७ इंच, एवढ्यांवरच रेषा बसवू. आर-स्क्वेअर आणखी वाढून ०.९९७ होतो आणि आरएमएसई ०.४४ पौंडांवर येतो. आता याच रेषेला ६८ ते ७२ इंचांची वजनं विचारू. ६८ ला ती १४४.५ सांगते, खरं १४६. ७० ला १५०.६, खरं १५४. ७२ ला १५६.७, खरं १६४. चुका क्रमाने १.५, २.४, ३.४, ५.३ आणि ७.३ पौंड, सगळ्या एकाच दिशेला. या पाच ओळींवर आरएमएसई साडेचार पौंड, म्हणजे दहापट. आणि त्यांच्यावरच काढलेला आर-स्क्वेअर ०.५०. ज्या मॉडेलचा आर-स्क्वेअर जास्त दिसत होता, तेच पाच इंचांत घसरलं. यादृच्छिक पाच ओळी लपवल्या असत्या तर त्यातल्या बहुतेक इतर ओळींच्या मधल्या उंचीवर पडल्या असत्या आणि ही घसरण दिसली नसती.

उपाय सोपा आहे, उंचीचा वर्ग मॉडेलमध्ये घालायचा. `lm(weight ~ height + I(height^2), data = women)` चालवलं की आर-स्क्वेअर ०.९९९५ आणि `Residual standard error` ०.३८४. पहिल्या आकड्यातली वाढ किरकोळ वाटते, एका टक्क्याहूनही कमी. चूक मात्र चौथा हिस्सा राहिली. आर-स्क्वेअर एकाच्या जवळ गेला की तिथले बारीक फरक डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून अशा ठिकाणी मी तुलना नेहमी आरएमएसईवरच करतो. कुठे थांबायचं तेही याच डेटात मोजता येतं. वजनं पूर्ण पौंडांत लिहिली आहेत. नुसत्या पूर्णांक करण्यानेच सुमारे ०.२९ पौंडांचं प्रमाण विचलन येतं. ०.३८ त्याच्या अगदी जवळ आहे. घन घातला तर आकडा ०.२६ पर्यंत उतरतो, पण त्या पातळीवर आपण वजनाचं नाही, पूर्णांक करण्याचं मॉडेल बनवत असतो.

आता अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर. त्याच्याकडून काय मागायचं हे ठरवूनच त्याच्याकडे पाहावं. साध्या आर-स्क्वेअरची खोड अशी, की कोणताही कॉलम घातला तरी तो कमी होत नाही. १५ ओळींच्या डेटात वजनाशी काहीही संबंध नसलेले सात कॉलम निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरले, तरी आर-स्क्वेअर सरासरीने ७ भागिले १४, म्हणजे ०.५ येतो. अ‍ॅडजस्टेड त्यावर कॉलमच्या संख्येचा दंड लावतो आणि अशा वेळी सरासरीने शून्यावर राहतो, कधी उणेही होतो. दोन्हींत मोठी तफावत दिसली की ओळींच्या मानाने कॉलम जास्त झालेत, इतकं ओळखावं.

पण हा दंड फार सौम्य आहे. नव्या कॉलमचा t, म्हणजे त्याचा गुणक भागिले त्या गुणकाची प्रमाण त्रुटी, धन किंवा उणे दिशेने १ च्या पुढे गेला की अ‍ॅडजस्टेड वाढतो. आपण साधारणपणे २ च्या आसपासचा t मागतो. शिवाय p मध्ये फक्त मॉडेलमध्ये राहिलेले कॉलम मोजले जातात. चाळीस कॉलम चाचपून त्यातले तीन ठेवले, तर सूत्राला तीनच दिसतात. म्हणून चाचपलेल्या सगळ्या कॉलमची नोंद पहिल्यापासून ठेवायला हवी. नंतर ती आठवून लिहिता येत नाही. आणि वळणाबद्दल विचाराल तर `women` वरच्या सरळ रेषेला अ‍ॅडजस्टेडने ०.९९०३ दिला होता. त्यात कढईचा मागमूसही नव्हता.

सुरुवातीला लिहून ठेवलेलं वाक्य आता काढायचं. हे मॉडेल सरासरींवर बसवलं आहे, आणि सरासरी काढताना माणसामाणसातला फरक आधीच गळून पडला. समजा एकाच उंचीच्या स्त्रियांमध्ये वजनाचं प्रमाण विचलन २० पौंड आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरतो आहे. रेषेने पकडलेला चढउतार प्रत्येक ओळीमागे सुमारे २२२, माणसामाणसातला ४००. मग एकेका स्त्रीच्या पातळीवर आर-स्क्वेअर २२२ भागिले ६२२, म्हणजे ०.३६ च्या आसपास, आणि आरएमएसई दीड नव्हे, वीस पौंड. रेषा तीच, उतार तोच. जिल्ह्यांच्या सरासरीवर, महिन्याच्या बेरजांवर किंवा वर्गाच्या सरासरी गुणांवर बसवलेल्या मॉडेलचा आर-स्क्वेअर पाहून एका शेतकऱ्याबद्दल, एका दिवसाबद्दल किंवा एका विद्यार्थ्याबद्दल बोलू नये, ते याच कारणाने.

अहवालात मग मी असं लिहीन: “३०–३९ वयाच्या अमेरिकन स्त्रियांच्या १५ सरासरी आकड्यांवर, उंची ५८ ते ७२ इंच, उंची आणि उंचीचा वर्ग धरून `Residual standard error` ०.३८ पौंड, अ‍ॅडजस्टेड आर-स्क्वेअर ०.९९९४, सरळ रेषेच्या रेसिड्युअलमध्ये स्पष्ट वळण होतं म्हणून ती वगळली, ७२ इंचांपुढे आणि एका व्यक्तीच्या वजनासाठी मॉडेल वापरू नये.” आणि त्याच पानावर दोन्ही मॉडेलच्या रेसिड्युअलचे आलेख, एकाच मोजपट्टीवर.