पुरस्काराच्या नामांकनासाठी परिचय लिहिताना या चुका टाळा

नामांकनाच्या अर्जात एक चौकट असते: ‘व्यक्तीचे योगदान आणि त्याचा परिणाम, 100 शब्दांत’. बाकीची कागदपत्रं भरायला दोन दिवस लागतात आणि ही चौकट शेवटच्या रात्री भरली जाते. पण निवड समितीपुढे अर्जांचा गठ्ठा येतो, तेव्हा सगळ्यात आधी हीच चौकट वाचली जाते. पुढची कागदपत्रं किती लक्षपूर्वक उघडायची, ते तिथेच ठरतं. मी असे परिचय लिहिले आहेत, दुसऱ्यांचे दुरुस्त केले आहेत आणि परीक्षक म्हणूनही वाचले आहेत. मोठं काम केलेली माणसं या शंभर शब्दांमुळे मागे पडताना पाहिली की जीव तुटतो, कारण त्यांच्या कामात काहीच कमी नसतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयातल्या ग्रंथपाल बाईंनी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करून घेतली. त्यांच्यासाठी लिहिलेला पहिला मसुदा असा:

> बाईंचा जन्म एका सामान्य कुटुंबात झाला. लहानपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. ग्रंथालयशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन गेली 26 वर्षे त्या ग्रंथपाल म्हणून कार्यरत आहेत. मनमिळाऊ, निष्ठावान व कर्तव्यदक्ष अशी त्यांची ओळख आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अतुलनीय योगदान दिले असून 400 हून अधिक पुस्तके ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांच्या कार्यामुळे असंख्य विद्यार्थ्यांच्या जीवनात प्रकाश पसरला आहे. अनेक संस्थांनी त्यांचा गौरव केला आहे.

यात मुद्दाम खोटं लिहिलेलं काहीच नाही. लिहिणाऱ्याला बाईंबद्दल मनापासून आदर आहे, हेही दिसतं. तरी समितीच्या हाती फारसं काही लागत नाही.

जन्मापासून सुरुवात

पहिली तीन वाक्यं जन्म, आवड आणि शिक्षण यांत गेली. सत्कार समारंभातल्या भाषणात ते शोभतं, कारण तिथे माणूस आधीच निवडलेला असतो. नामांकनात तो अजून निवडायचा असतो. वाचणाऱ्याला आधी हवं असतं ते काम. शिक्षण आणि नोकरी यांसाठी अर्जात बहुधा वेगळा रकाना असतोच. तीच माहिती इथे पुन्हा दिली की शंभरातले वीसेक शब्द हातचे गेले.

चूक ओळखायची सोपी रीत म्हणजे नाव झाकून वाचणं. वरचा परिचय ‘ग्रंथपाल’, ‘पुस्तके’, ‘ध्वनिमुद्रित’ असे मोजके शब्द काढून कुठल्याही शिक्षिकेला, परिचारिकेला किंवा कार्यकर्तीला चिकटवता येतो. जे वाक्य दुसऱ्या कुणालाही लागू पडतं, ते या परिचयात नको.

पोकळ क्रियापदं

विशेषणं कमी करा, असा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरच आहे. माझा अनुभव असा की खरा बिघाड क्रियापदांत असतो. ‘योगदान दिले’, ‘कार्यरत आहेत’, ‘मोलाचा वाटा उचलला’, ‘भरीव कामगिरी केली’ यांतून माणसाने हाताने नेमकं काय केलं, ते डोळ्यांपुढे येत नाही. मसुद्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा. मग विचारा: हे करताना त्या व्यक्तीचा फोटो काढता आला असता का? ‘मार्गदर्शिका लिहिली’, ‘वाचकांना शिकवलं’, ‘नियम बदलून घेतला’ यांचा येतो. ‘योगदान दिले’ याचा येत नाही.

आणि ‘जीवनात प्रकाश पसरला’ हे तर अंध विद्यार्थ्यांबद्दल लिहूच नये. त्यांचं आयुष्य अंधारात होतं असं त्यातून सूचित होतं, आणि बाईंनी त्यांच्यासाठी काय केलं ते मात्र झाकलं जातं.

कामाचा आकडा म्हणजे परिणाम नव्हे

सगळ्यात जास्त नामांकनं इथे अडखळतात. ‘400 पुस्तके’, ‘150 शिबिरे’, ‘60 व्याख्याने’ हे झालेल्या कामाचे आकडे आहेत. परिणाम म्हणजे त्या कामानंतर दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत काय बदललं. चारशे पुस्तकं ध्वनिमुद्रित होऊन कपाटात पडून राहू शकतात. परीक्षकाच्या मनात हीच शंका येते आणि परिचयात उत्तर नसेल, तर ती तशीच राहते.

हे उत्तर बहुतेक वेळा त्या व्यक्तीकडून मिळत नाही. काम करणारी माणसं ‘मी विशेष काही केलं नाही’ म्हणून विषय संपवतात. म्हणून त्या कामाचा उपयोग झालेल्या दोन-तीन जणांशी बोला. त्यांना ‘बाई कशा आहेत?’ असं विचारू नका, कारण मग पुन्हा मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष हेच हाती येईल. विचारा: हे सुरू होण्याआधी तुम्ही काय करत होता? नेमकं कुठे अडत होतं? हे बंद पडलं तर उद्या काय अडेल?

आपल्या उदाहरणात समजा एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं, “पुस्तकं आधीही वाचून मिळायची. पण आकृती आली की वाचणारा ‘इथे आकृती आहे’ म्हणून पुढे जायचा. आलेखाचंही तेच. बाईंनी आकृती शब्दांत कशी सांगायची ते ठरवून दिलं.” या एका उत्तराने सगळा परिचय बदलतो. खरं योगदान चारशे पुस्तकांत नव्हतंच, आकृती सांगण्याच्या त्या पद्धतीत होतं आणि पहिल्या मसुद्यात तिचा उल्लेखही नव्हता.

आता नोंदवहीकडे वळायचं. कुठल्या शाखेतून किती अंध विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, ते महाविद्यालयाच्या नोंदींत सापडतं. आकडा एकटा देऊ नका. त्याच्या शेजारी आधीची स्थिती ठेवा. ‘11 विद्यार्थी पदवीधर झाले’ हे कमी वाटतं. त्याआधीच्या दहा वर्षांत एकही नव्हता हे कळलं की तोच अकराचा आकडा मोठा होतो.

आधी एक ओळ, मग परिचय

बऱ्याच पुरस्कारांच्या मानपत्रात ‘…बद्दल’ने संपणारी एकच ओळ असते. परिचयाआधी ती लिहून काढा. 1945 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार फ्लेमिंग, चेन आणि फ्लोरी यांना मिळाला, तो पेनिसिलिनचा शोध आणि विविध संसर्गजन्य रोगांवरचा त्याचा गुणकारी परिणाम यांबद्दल. काय केलं आणि त्याने काय झालं, दोन्ही एका ओळीत आलं. आइन्स्टाइन यांच्या 1921 च्या पुरस्काराच्या ओळीत सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या सेवेबरोबर नाव घेऊन उल्लेख आहे तो फक्त प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा. सापेक्षतेचा त्यात शब्दही नाही. इतक्या मोठ्या कार्यातूनही एकच काम पुढे ठेवलं गेलं. आपण मात्र दहा कामं कोंबायला जातो आणि वाचणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही.

आपल्या ग्रंथपालांची ओळ अशी होईल: ‘विज्ञानाच्या पुस्तकांतील आकृत्या शब्दांत सांगण्याची पद्धत तयार करून अंध विद्यार्थ्यांसाठी विज्ञान शाखेची वाट खुली केल्याबद्दल.’ ही ओळ ठरली की परिचयात काय ठेवायचं, त्याचा निकाल आपोआप लागतो. ओळीला आधार देणारं वाक्य राहतं, बाकीचं जातं. आधीचे पुरस्कारही जातात. ती दुसऱ्या समित्यांची मतं आहेत.

ओळ लिहिताना पुरस्काराचे निकष समोर ठेवा. पुरस्कार गेल्या पाच वर्षांतल्या कामासाठी असेल आणि तुमची ओळ पंधरा वर्षांपूर्वीच्या शोधावर उभी असेल, तर चांगला परिचयही बाद होतो. जीवनगौरव असेल तर उलट, एकाच वर्षाची घटना पुरत नाही.

दुरुस्त मसुदा

> महाविद्यालयात ग्रंथपाल असताना 2011 मध्ये त्यांच्या लक्षात आले की ध्वनिमुद्रित पुस्तकांत आकृत्या व आलेख वगळले जातात आणि म्हणून अंध विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळत नाहीत. त्यांनी आकृती शब्दांत सांगण्याची पद्धत ठरवली, 16 पानांची मार्गदर्शिका लिहिली आणि 38 स्वयंसेवकांना ती शिकवली. या गटाने 2023 पर्यंत 412 पुस्तके ध्वनिमुद्रित केली. 2011 पूर्वीच्या दहा वर्षांत या महाविद्यालयातून एकाही अंध विद्यार्थ्याने विज्ञानाची पदवी घेतली नव्हती; 2023 पर्यंत 11 जणांनी घेतली. आज आणखी 9 ग्रंथालये हीच मार्गदर्शिका वापरतात.

तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली, ‘त्यांनी’ आणि ‘या गटाने’ वेगळे ठेवले. पुस्तकं 38 जणांनी वाचली. ती बाईंच्या एकटीच्या नावावर लिहिली असती, तर एखाद्या स्वयंसेवकाच्या एका फोनने सगळा अर्ज संशयात आला असता. पद्धत, मार्गदर्शिका आणि प्रशिक्षण मात्र त्यांचंच, म्हणून ते ठामपणे त्यांच्या नावावर.

दुसरी, पदवीधरांच्या आकड्यापुढे ‘त्यांच्यामुळेच’ लिहिलं नाही. परीक्षेचे नियम, संगणकाच्या सोयी, घरच्यांचा आधार अशी इतरही कारणं असणार. आधी आणि नंतर शेजारी ठेवलं की संबंध वाचणाऱ्याला दिसतो, आणि सिद्ध न करता येणारा दावाही करावा लागत नाही.

तिसरी, शेवटचं वाक्य. इतर ग्रंथालयं तीच मार्गदर्शिका वापरतात, म्हणजे काम त्या एका व्यक्तीवर अडून राहिलेलं नाही. परिणामाचा इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो आणि तो बहुतेक जण लिहायलाच विसरतात.

पाठवण्याआधी

‘पहिल्या’, ‘एकमेव’, ‘सर्वप्रथम’ हे शब्द दिसले की थांबा. ‘या महाविद्यालयात पहिल्यांदा’ हे नोंदींवरून दाखवता येतं; ‘देशात पहिल्यांदा’ दाखवायला देशभरचं काम माहीत असावं लागतं. परीक्षकांत त्या क्षेत्रातला एक जाणकार असतोच आणि त्याला आधीचं एखादं उदाहरण आठवलं, तर पुढच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

मग प्रत्येक आकडा जोडलेल्या कागदाशी ताडून पाहा. परिचयात 412 आणि शिफारसपत्रात ‘सुमारे 350’ असेल, तर बहुधा शिफारसपत्र जुनं असतं. ते पत्र लिहिणाऱ्याकडून तारखेसह दुरुस्त करून घ्या. शब्दमर्यादा ओलांडली असेल तर आकड्यांना हात लावू नका. ‘अत्यंत’, ‘विशेष म्हणजे’, ‘या माध्यमातून’ एवढं काढलं तरी पाच-सात शब्द सुटतात.

शेवटी मसुदा ज्यांच्याबद्दल आहे, त्यांना एकदा वाचून दाखवा. पुरस्काराच्या नियमांत नामांकन गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांच्या जवळच्या सहकाऱ्याला दाखवा, पण तेही नियमात बसत असेल तरच. स्तुती ऐकून माणसं संकोचतात, तिकडे लक्ष देऊ नका. पण ‘ते 2011 नव्हे, 2012’ किंवा ‘मार्गदर्शिका मी आणि आणखी एकीने मिळून लिहिली’ असं काही निघालं, तर त्याच बैठकीत दुरुस्त करा. आणि दुसरीचं नाव विचारून घ्या. तेही परिचयात जायला हवं.