तलंगा एकमेकींना टोचत होत्या, तेव्हा काय केलं

तलंगा अंड्यावर आल्या आणि शेडमध्ये शेपटीखाली रक्ताळलेल्या कोंबड्या दिसू लागल्या. अंडं घातल्यावर आतला लाल, ओलसर भाग क्षणभर बाहेर येतो. तो उजेडात चमकला की शेजारणी त्यावर टोच मारतात, आणि एकदा रक्ताची चव लागली की आतडी ओढेपर्यंत थांबत नाहीत.

आधी जखमी कोंबड्या वेगळ्या काढल्या. मग नीट पाहिलं, तर बसायच्या दांड्या गुडघ्याएवढ्याच उंच होत्या. वर बसलेलीचा मागचा भाग खालच्या कोंबडीच्या बरोबर चोचीसमोर! दांड्या सुमारे ७० सेंमीवर नेल्या आणि प्रत्येकीला १५ सेंमी जागा दिली. अंड्याच्या खोक्यांवर थेट ऊन पडत होतं, तिथे पडदे लावले आणि बल्ब मंद केले. (पार अंधारही नको, मग जखमा आपल्यालाच दिसत नाहीत.) गर्दीही कमी केली, नाहीतर बाकी सगळं वरवरचं ठरतं. तूस कोरडं, मोकळं ठेवलं आणि त्यात दाणे फेकले. जमीन उकरायला मिळाली की पिसं उपटणं कमी होतं.

चोच कापा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण ते काम पिल्लू दहा दिवसांचं होण्याआधी, जाणकाराकडून आणि टोकापुरतंच करायचं असतं. मोठ्या कोंबडीच्या चोचीत मज्जातंतू असतात, कापल्यावर दुखणं कायम राहू शकतं. मी ते टाळलं. नव्या जखमा थांबल्या, उपटलेली पिसं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत नीट भरली नाहीत.